फक्त आमच्या मुलीचा नाच द्या

जानेवारीतल्या एका दुपारी शाळेचे शिपाईमामा दुकानात आले आणि वहीचं घडी घातलेलं एक पान माझ्या हातात ठेवून गेले. तिसरीतल्या एका मुलीच्या आईनं ते लिहिलं होतं. नावं वगळून मजकूर असा:

"स. न. वि. वि. आमची मुलगी तिसरी ब मध्ये आहे. गॅदरिंगला तिचा कोळी डान्स होता. शाळेने पेन ड्राइव्ह दिला त्यात ती नीट दिसत नाही, एकदाच दिसते आणि लगेच दुसरी मुलं येतात. आम्हाला पूर्ण दिवसाचं शूटिंग नको. फक्त तिचा डान्स पाहिजे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पत्रिकेत २७ नंबर आहे. तिचे बाबा बाहेरगावी कामाला असतात, त्यांना पाठवायचा आहे. जे काही पैसे होतील ते देऊ. लवकर कळवावे."

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लग्नांची आणि शाळांच्या गॅदरिंगची शूटिंग करतो. अशी पत्रं, चिठ्ठ्या आणि फोन दरवर्षी येतात. मागणी अगदी साधी आणि रास्त असते. तरीही त्यातल्या बऱ्याच पालकांना हवं ते मिळत नाही. कधी शूटिंगवाला टाळाटाळ करतो, कधी चुकीचा नाच हाती येतो, कधी बरोबर नाच येतो पण शेवट तुटलेला. यातलं बरंचसं पत्रात काय लिहिलं आहे यावर ठरतं. म्हणून या एका पत्राचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगतो.

पूर्वी काम वेगळं होतं. व्हीएचएसच्या काळात तीन-तीन तासांच्या कॅसेट असायच्या. पाच मिनिटांचा नाच द्यायचा तर दोन व्हीसीआर जोडायचे, कॅसेट पुढे-मागे पळवून जागा शोधायची आणि पाच मिनिटं बसून तेवढा भाग दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचा. कॉपीची कॉपी झाली की चित्र फिकट व्हायचं, रंग पसरायचे. आता कॉपीनं काही बिघडत नाही. पण दिवसभराचं शूटिंग म्हणजे एक लांबलचक पिक्चर असतो, तो पुढे सरकवत न्यायचा आणि हवा तिथे कापायचा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात हार्ड डिस्क उघडली की समोर नावं नसलेल्या फायलींचा ढीग दिसतो.

त्या दिवशी दोन कॅमेरे होते. एक मंडपाच्या मागच्या बाजूला उंच स्टँडवर, पूर्ण रंगमंच दिसेल असा. त्याला आम्ही मास्टर म्हणतो. तो हलत नाही आणि बंदही होत नाही. दुसरा कॅमेरा पुढे, माझ्या पोराच्या हातात, क्लोजअपसाठी. माझ्या मास्टरचं शूटिंग मिनिटाला साधारण २१० एमबी जागा खातं, म्हणजे तासाला साडेबारा जीबीच्या आसपास. आठ तासांचे एकट्या मास्टरचेच १०० जीबी होतात. शिवाय हा कॅमेरा चार जीबी झाले की फाइल आपोआप बंद करून पुढची सुरू करतो. त्यामुळे दर वीस मिनिटांनी एक नवी फाइल तयार होते आणि तिचं नाव `00016.MTS`, `00017.MTS` असं नुसतं आकड्यांचं असतं. कोणत्या आकड्यात कोणाचं मूल आहे हे कॅमेऱ्याला माहीत नसतं.

आईनं दिलेली पहिली खूण होती पत्रिकेतला २७ नंबर. मी पत्रिका काढली, २७ व्या क्रमांकाला "कोळीनृत्य, तिसरी ब" असं छापलेलंही होतं. पण पत्रिका आठवडाभर आधी छापलेली असते. त्या दिवशी पाहुणे उशिरा आले, बक्षीस समारंभ दुपारी ढकलला गेला आणि लहान वर्गांचे दोन-तीन नाच आधी उरकून घेतले. तेव्हा स्टेजवर जो सत्ताविसावा कार्यक्रम झाला तो भलताच होता. दुसरी खूण कोळीनृत्याची. तर कोळीनृत्यं तीन होती. तिन्हींत निळ्या-हिरव्या नऊवारी, तिन्हींत डोक्यावर पाटी, सगळ्या मुलींच्या अंबाड्यात तेच गजरे, ओठांना तीच लाली. ज्यानं त्या मुलीला कधी पाहिलेलं नाही त्याला मागच्या कॅमेऱ्यातून ती ओळखू येणं शक्य नव्हतं.

मी आईला फोन केला. विचारलं, "ताई, तुम्ही त्या वेळी मोबाइलवर एखादा फोटो काढला होता का?"

"काढले की. पाच-सहा आहेत. पाठवू?"

त्यांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्यावरून पोशाख कळला, मुलगी कळली. पण मला सगळ्यात जास्त गरज होती ती वेळेची, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती राहत नाही. माझ्या मोबाइलवर दिसते ती फोटो माझ्याकडे पोचल्याची वेळ. फोटो कधी काढला हे काढलेल्या मोबाइलमध्येच बघावं लागतं. गॅलरीत तो फोटो उघडून त्याची माहिती पाहिली की तारीख आणि वेळ दिसते. मी तसं सांगितल्यावर त्यांनी बघून सांगितलं: नाच सुरू झाल्या झाल्या काढलेला पहिला फोटो दुपारी ३ वाजून २६ मिनिटांचा होता.

मोबाइलचं घड्याळ सहसा नेटवर्कवरून आपोआप लावलेलं असतं, त्यामुळे ते बरोबर असतं. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र कोणीतरी कधीतरी हातानं लावलेलं असतं आणि वर्षभरात ते मागे-पुढे सरकतं. म्हणून सकाळी शूटिंग सुरू करताना मी दोन्ही कॅमेऱ्यांपुढे माझा मोबाइल धरतो आणि त्यावरचं घड्याळ पाच सेकंद रेकॉर्ड करून घेतो. त्या दिवशी मास्टर कॅमेरा ११ मिनिटं पुढे होता. म्हणजे आईचे ३:२६ हे कॅमेऱ्याचे ३:३७. जेवणाच्या सुट्टीनंतर मास्टर पुन्हा सुरू केला तेव्हा त्याच्या घड्याळात २:२१ झाले होते. दोन्हींमध्ये ७६ मिनिटं. वीस-वीस मिनिटांच्या फायली धरल्या तर पहिल्या तीन फायलींत ६० मिनिटं संपतात आणि हवी ती जागा चौथ्या फाइलच्या सोळाव्या मिनिटाजवळ येते. दुपारची पहिली फाइल `00016.MTS` होती, म्हणून मी थेट `00019.MTS` उघडली आणि सोळाव्या मिनिटावर गेलो. समोर निळ्या नऊवारीतल्या मुली हातात वल्ही धरून रांगेत डोलत होत्या. नाच १५ मिनिटं ४० सेकंदांवर सुरू झाला होता. शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. वेळ हाती नसती तर दुपारच्या सगळ्या फायली पुढे पळवत तिन्ही कोळीनृत्यं तपासावी लागली असती, आणि तरी बरोबर तीच दिली याची खात्री नसती.

नाच साडेचार मिनिटांचा. म्हणजे १५:४० ला सुरू होऊन तो २०:१० ला संपायला हवा. पण फाइल विसाव्या मिनिटालाच संपते. शेवटचे दहा सेकंद `00020.MTS` मध्ये गेले होते, आणि त्याच दहा सेकंदांत सगळ्या मुली होडीच्या आकारात बसून प्रेक्षकांना नमस्कार करतात. घाईत काम करणारा माणूस पहिली फाइल कापून देतो आणि घरी पाहताना नाच मध्येच थांबतो. पालकांना वाटतं कॅमेरा बंद पडला असावा. बहुतेक वेळा तसं काही नसतं, पुढचा तुकडा पुढच्या फाइलमध्ये सुखरूप असतो. दोन फायली नुसत्या एकापुढे एक ठेवल्या तर जोडाच्या जागी गाण्याला किंचित हिसका बसतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरनं त्या सलग जोडल्या तर तो बसत नाही. तुमच्या क्लिपमध्ये गाणं एका जागी अडखळलं किंवा शेवट अचानक तुटला, तर शूटिंगवाल्याला एवढंच विचारा: "फाइल इथे बदलते का?" त्याला लगेच कळेल.

आता आईची मूळ तक्रार. शाळेच्या पेन ड्राइव्हमध्ये मुलगी एकदाच का दिसली? शाळेला दिलेली फिल्म मिक्सिंग करून दिलेली असते. मास्टरवरून क्लोजअपवर, क्लोजअपवरून पुन्हा मास्टरवर, मध्येच टाळ्या वाजवणारे पाहुणे. क्लोजअपचा कॅमेरा साहजिकच पुढच्या रांगेवर राहतो, कारण मागचे चेहरे पुढच्या मुलांच्या आड जातात. ही मुलगी दुसऱ्या रांगेत, प्रेक्षकांच्या उजवीकडून तिसरी होती. पूर्ण नाचात क्लोजअपमध्ये ती अकरा सेकंद होती. मिक्सिंग केलेल्या फिल्ममधून नाच कापून देणं हा आमच्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग, आणि नेमका तोच अशा पालकांच्या उपयोगाचा नाही. पत्रात "मास्टर कॅमेऱ्याचं सलग शूटिंग द्यावं" एवढं एक वाक्य असलं की आम्हाला मूळ फायलींकडे जावंच लागतं.

मास्टरची मर्यादाही आधी सांगायला हवी, कारण इथे पालकांची निराशा होते. सलग शूटिंग पाहून आईनं विचारलं, "तिलाच मोठं करून दाखवता येईल का?" रंगमंच तीस फूट रुंद होता. माझ्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. म्हणजे एका फुटाच्या वाट्याला ६४ ठिपके. आठ वर्षांच्या मुलीचा चेहरा पाचेक इंच रुंद धरला तर त्याच्या वाट्याला २७ ठिपके येतात. एवढ्यात ती कोण हे आईला कळतं, पाय कसे पडतात तेही दिसतं, पण चेहऱ्यावरचं हसू दिसत नाही. तो भाग मोठा केला तर ठिपके मोठे होतात, माहिती वाढत नाही. फोर-के कॅमेरा असता तर चेहऱ्याला ५३ ठिपके मिळाले असते आणि दुपटीनं मोठं करता आलं असतं. माझा तसा नव्हता. म्हणून मी त्यांना दोन गोष्टी दिल्या: मास्टरचा पूर्ण नाच जसाच्या तसा, आणि क्लोजअपमधले ते अकरा सेकंद वेगळ्या फाइलमध्ये. पडद्यावर तिचा चेहरा भरून दिसतो तो त्या अकरा सेकंदांतच.

आवाजाबद्दल थोडंच सांगतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर जोडून घेतलेली असेल तर त्या कॅमेऱ्यात गाणं स्वच्छ येतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात मंडपातला सगळा गोंगाट असतो. आमच्याकडे वायर मास्टरला होती, त्यामुळे प्रश्न आला नाही. पण काही आयांना गोंगाटच हवा असतो, कारण त्यात आजीनं मारलेली हाक असते. तसं असेल तर पत्रात लिहा.

कापताना मी नाचाच्या आधी आणि नंतर मुद्दाम जागा सोडतो. ताबडतोब कापता येईल अशा जागा शूटिंगमध्ये थोड्या-थोड्या अंतरावर असतात, हवं त्या क्षणावर चित्राला धक्का न लावता कापता येतंच असं नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. नाचाआधी बाई माइकवरून इयत्ता, तुकडी आणि बसवणाऱ्या शिक्षिकेचं नाव सांगतात. वीस वर्षांनी ती क्लिप उघडली तर ही कोणती इयत्ता, कोणतं साल, हे त्या निवेदनातूनच कळणार. "अनाउन्समेंटपासून टाळ्या संपेपर्यंत" हे शब्द पत्रात असू द्या.

एवढं सगळं तयार झालं तरी मी ती क्लिप लगेच दिली नाही. आईला ते सुरुवातीला खटकलं, आणि मी ते समजू शकतो. मूल त्यांचं, नाच तिचा, मग परवानगी कसली? पण शूटिंग शाळेनं करवून घेतलं आणि पैसे शाळेनं दिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी फिल्म करवून घेतली आणि वेगळा करार नसला, तर तिचा पहिला मालक करवून घेणारा असतो, कॅमेरा चालवणारा नाही. माझ्या डिस्कवर पडून असलं म्हणून ते मला वाटेल त्याला देता येत नाही.

आणि कायद्यापलीकडचं कारण मला त्याहून मोठं वाटतं. त्या नाचात सोळा मुली आहेत, एकीची आई मागतेय. काही वर्षांपूर्वी मला एका अनोळखी नंबरवरून एका मुलीचा नाच मागणारा मेसेज आला. इयत्ता सांगितली होती, गाणं सांगितलं होतं, स्वतःला काका म्हणवलं होतं. मी शाळेत विचारलं, शाळेनं आईवडिलांना विचारलं, तर घरात असं कोणी मागितलंच नव्हतं. त्यानंतर फोनवर किंवा मेसेजवर मी मुलांचं शूटिंग कोणालाही देत नाही. पत्र शाळेमार्फत यावं, त्यावर मुख्याध्यापकांची किंवा वर्गशिक्षकांची सही असावी, आणि देताना मी ते पालकांच्या हातात देतो. यात कोणावर अविश्वास नाही. उद्या कोणी तुमच्या मुलीचं मागायला आलं तर त्यालाही हाच नियम लागतो. बाकीच्या पंधरा मुलींसाठी मी त्या आईलाही एक विनंती केली, की क्लिप घरच्यांना दाखवा, स्टेटसला आणि यूट्यूबला टाकू नका. त्यांनी ती मानली.

क्लिप द्यायची कशी, यावरही बरंच बिघडतं. साडेचार मिनिटांची मूळ क्लिप सुमारे ९४५ एमबीची होती. टीव्हीवर आणि मोबाइलवर चालावी म्हणून मी तिची एमपीफोर करून दिली, ती साडेतीनशे एमबीच्या आत बसली आणि डोळ्यांना फरक कळत नाही. हीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं व्हिडिओ म्हणून पाठवली की ती आपोआप दाबून लहान केली जाते, आणि दुसऱ्या रांगेतला २७ ठिपक्यांचा चेहरा त्यात पार पुसला जातो. म्हणून पेन ड्राइव्ह न्या, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग ती मूळ आकारात जाते. मिळालेल्या फाइलचा आकार बघा. चार-पाच मिनिटांच्या नाचाची फाइल वीस-तीस एमबीची असेल, तर ती दाबलेली आहे, परत मागा. त्या मुलीच्या बाबांना आईनं ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवली.

या कामाचे मी तीनशे रुपये घेतो. वेळ, पोशाख, रांग कळलेली असेल तर अर्ध्या तासात काम होतं. काहीच कळलेलं नसेल तर अर्धा दिवस जातो, आणि लग्नसराईत अर्धा दिवस कोणाकडेच नसतो. पत्राला उत्तर येत नाही त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

पुढच्या वेळी असं पत्र लिहायचं झालं तर मला ते असं आलेलं आवडेल:

"मा. मुख्याध्यापक यांच्यामार्फत. स. न. वि. वि. आमची मुलगी इयत्ता तिसरी, तुकडी ब. गॅदरिंग दि. ____ रोजी झाले. तिचा कोळीनृत्याचा कार्यक्रम होता, गाण्याची पहिली ओळ ____. मी मोबाइलवर काढलेल्या पहिल्या फोटोची वेळ दुपारी ३:२६ आहे. निळी नऊवारी, हातात वल्हे. प्रेक्षकांच्या उजवीकडून तिसरी, दुसऱ्या रांगेत. फोटो सोबत जोडला आहे. मास्टर कॅमेऱ्याचे सलग शूटिंग अनाउन्समेंटपासून टाळ्या संपेपर्यंत मिळावे, क्लोजअपमध्ये ती असल्यास तेवढा भाग वेगळा द्यावा. पेन ड्राइव्ह सोबत पाठवत आहे. क्लिप फक्त घरी बघण्यासाठी वापरू. आपले शुल्क कळवावे."

यात "प्रेक्षकांच्या" हा शब्द विसरू नका. मुलीला विचारलं तर ती स्टेजवर उभं राहून आपली उजवी बाजू सांगते, आणि कॅमेऱ्यात ती डावीकडे असते.

शेवटची गोष्ट तारखेची. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत होतात आणि त्याला लागूनच लग्नाचे मुहूर्त असतात. कॅमेऱ्यातली कार्डं त्याच रात्री डिस्कवर उतरवून दुसऱ्या दिवशी फॉरमॅट होतात. मूळ फायली डिस्कवर राहतात, पण डिस्कलाही तळ असतो. मी त्या ३० जूनपर्यंत ठेवतो. बरेच जण शाळेनं फिल्म ताब्यात घेतली की महिनाभरात पुसतात, आणि मिक्सिंग झालेली फिल्म तेवढी ठेवतात. पुसलेल्या जागेवर नवं लग्न चढलं की मास्टर परत मिळत नाही. तुमच्या मुलाचं गॅदरिंग होऊन गेलं असेल, तर मोबाइलमधल्या फोटोची वेळ आज बघून ठेवा आणि या आठवड्यातच पत्र शाळेत द्या.